स्टिफ-लेग डंबेल डेडलिफ्ट: अंगाचं वजन उतरवताना कंबर न दुखवता करायची पद्धत

स्टिफ-लेग डेडलिफ्ट हा मांडीच्या मागच्या बाजूचा आणि कुल्ल्यांचा व्यायाम. दोन हातांत दोन डंबेल घ्यायचे, गुडघे जवळजवळ सरळ ठेवायचे, खुब्यातून पुढं वाकायचं आणि परत उभं राहायचं. बार लागत नाही, रॅक लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या लहानशा जिममध्येही तो करता येतो. दिसायला इतका सोपा, की नवीन माणूस तो दुसऱ्याचं बघून बघूनच शिकतो. मग महिन्याभरात मांडी तशीच राहते आणि कंबर भरून यायला लागते. त्यात वजन उतरवायला जेवण कमी केलं असेल तर हे आणखी लवकर होतं.

यामागं बहुतेकदा एकच चूक असते. डंबेल किती खाली न्यायचं हे जमिनीकडं बघून ठरवलं जातं. डंबेल जमिनीला टेकलं तरच रेप, म्हणजे खाली जाऊन वर यायची एक फेरी, पूर्ण झाला, असा समज असतो. पण जमीन किती लांब आहे याच्याशी तुमच्या हॅमस्ट्रिंगला काही देणंघेणं नाही.

खाली किती जायचं हे कोण ठरवतं

हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागच्या तीन स्नायूंचा गट. त्याचं वरचं टोक बसताना जमिनीला टेकणाऱ्या हाडाला जोडलेलं असतं आणि खालचं टोक गुडघ्याच्या खाली, पायाच्या हाडाला. म्हणून त्याला दोन्हीकडून ताण देता येतो. गुडघा सरळ केला की खालचं टोक ताणलं जातं, आणि खुब्यातून वाकून पेल्विस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, पुढं कलला की वरचं टोक मागं-वर जातं. स्टिफ-लेग डेडलिफ्टमध्ये ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. वर येताना हॅमस्ट्रिंग आणि कुल्ल्याचा मोठा स्नायू मिळून पेल्विसला परत जागेवर ओढतात. सगळी कमाई या ओढण्यात आहे.

वाकताना एक क्षण येतो, जिथं हॅमस्ट्रिंगची लांबी संपते आणि तो पेल्विसला पुढं कलू देत नाही. त्या क्षणी थांबलात तर व्यायाम पूर्ण झाला. तिथून पुढंही हात खाली नेत राहिलात, तर ते अंतर कुठून तरी यायलाच हवं, आणि ते येतं कमरेच्या खालच्या मणक्यांमधून. पाठीला बाक येतो, डंबेल आणखी वीतभर खाली जातं, पण पेल्विस जागचा हललेला नसतो. म्हणजे हॅमस्ट्रिंगला त्या वीतभराचा काहीच उपयोग नाही. भार मात्र मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटवर गेलेला असतो.

हा क्षण प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणाचं डंबेल गुडघ्याच्या जरा खाली थांबतं, कुणाचं अर्ध्या नडगीवर. दिवसभर खुर्चीवर किंवा गाडीवर बसणाऱ्यांचं बऱ्याचदा गुडघ्यापाशीच थांबतं. सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे.

तो कसा ओळखायचा? घरातला झाडूचा दांडा किंवा सरळ काठी घ्या. काठी पाठीवर उभी धरा, म्हणजे ती डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडावर अशा तीन जागी टेकेल. गुडघे किंचित वाकवून, कुल्ले मागं सारत हळूहळू पुढं वाका. तीनपैकी एक जरी जागा काठीपासून सुटली, की त्याच्या जरा अलीकडं तुमची मर्यादा आहे.

दुसरा उपाय मोबाइलचा. फोन बाजूला, खुब्याच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढा आणि बघताना चेहऱ्याकडं, डंबेलकडं बघू नका. ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकची रेघ बघा. खाली जाताना ती रेघ पुढच्या बाजूला कलत जाते. जिथं तिचं कलणं थांबतं आणि तरी टी-शर्टची पाठ गोल होत राहते, तिथं तुमचा व्यायाम संपून कमरेचा छळ सुरू झालेला असतो. एकदा ही रेघ बघायची सवय लागली की दुसऱ्याचीही चूक लांबून ओळखता येते.

मर्यादा कळल्यावर तिथं खूण करा. विटा, वजनाच्या प्लेटा किंवा लाकडी पाट एकावर एक ठेवून दोन्ही पायांसमोर असा टेकू करा, की बरोबर त्या उंचीवर डंबेल हलकेच टेकेल. टेकलं की वर. नवख्या माणसाला दहा सूचना देण्यापेक्षा हा टेकू जास्त शिकवतो, कारण दमलेला असतानाही तो खोटं बोलत नाही.

रेप कसा करायचा

सुरुवात डंबेल उचलण्यापासून होते, आणि उसण भरायची एक ठरलेली जागा हीच आहे. सेटमध्ये, म्हणजे सलग रेप मारताना, पाठ सांभाळणारा माणूस जमिनीवरचं डंबेल मात्र वाकडा होऊन एका हातानं उचलतो. डंबेल पायांच्या दोन्ही बाजूंना ठेवा, गुडघे पूर्ण वाकवून खाली बसा आणि दोन्ही एकदम घेऊन उभे राहा. ठेवतानाही तसंच.

पाय खुब्याइतक्या अंतरावर, बोटं समोर. बूट कडक तळव्याचे हवेत, किंवा जिममध्ये चालत असेल तर अनवाणी. पळायचे जाड मऊ बूट टाळा, त्यात तोल चवड्यावर जातो. डंबेल मांडीच्या समोर, तळहात स्वतःकडं. गुडघे एकदा किंचित सैल करा आणि तो कोन शेवटपर्यंत तसाच ठेवा. नाव स्टिफ-लेग असलं तरी गुडघे मागं दाबून कुलूप लावायचं नाही. कुलूप लावलं की ताण मांडीच्या मध्यातून निघून गुडघ्याच्या मागच्या खळगीत आणि पोटरीत जातो, आणि पेल्विस लवकर अडतो. उलट खाली जाताना गुडघे वाकतच गेले, तर तो स्क्वॅटसारखा होतो आणि हॅमस्ट्रिंग सैल पडतो.

आता श्वास पोटात घ्या. छाती फुगवून उपयोग नाही; कमरेच्या भोवती, बाजूंनाही पोट भरल्यासारखं झालं पाहिजे. पोट घट्ट करा. मग कुल्ले सरळ मागं न्या, मागच्या भिंतीला त्यांनी धक्का द्यायचा आहे असे. वरचं अंग त्यामुळं आपोआप पुढं कलतं. मुद्दाम वाकायची गरज पडत नाही. डंबेल मांडीला, मग नडगीला जवळजवळ घासत खाली जाऊ द्या. खाली जायला मोजून ३ सेकंद घ्या. भार टाच आणि तळव्याच्या मध्यावर राहिला पाहिजे. बोटं वर उचलून बघता आली तर तोल बरोबर आहे.

टेकूला डंबेल लागलं की अर्धा-एक सेकंद थांबा, झटका देऊ नका. टाचांनी जमीन ढकलत, कुल्ले पुढं आणत वर या. डंबेल गुडघ्याच्या वर आल्यावर श्वास सोडा. सरळ उभे राहिलात की कुल्ले आवळा आणि बस, तिथंच संपवा. आरशात बघून छाती मागं टाकणारे पुष्कळ असतात. त्या मागं झुकण्यात कुल्ल्यांना काही मिळत नाही, कमरेचे मागचे सांधे मात्र एकमेकांवर दाबले जातात. मानही पाठीच्या रेषेतच हवी. खाली असताना नजर दोन-तीन फूट पुढच्या फरशीवर ठेवा, आरशाकडं नको.

ताण मांडीच्या मागच्या भागात, मध्यावर आणि कुल्ल्याच्या खालच्या कडेला जाणवला पाहिजे. तो गुडघ्याच्या मागं ओढल्यासारखा किंवा पोटरीत मुंग्या आल्यासारखा वाटला, तर तो नसेवरचा ताणही असू शकतो. तेव्हा गुडघे आणखी थोडे सैल करा आणि खोली कमी करा.

डंबेल अंगापासून लांब जाणं ही पाठीच्या बाकाच्या खालोखाल दुसरी मोठी चूक. भरलेली कळशी कडेवर घेऊन दोनशे पावलं चालता येतं, तीच हात पुढं करून धरली तर मिनिटभरात कंबर बोलायला लागते. वजन तेवढंच, अंतर वाढलेलं. डंबेल नडगीपासून वीतभर पुढं लोंबकळत असेल तर १० किलोचं डंबेलही कमरेला जड जातं. काखेत पेपर धरल्यासारखे दंड अंगाशी ओढून ठेवले की ते आपोआप जवळ राहतं. पकड सुटायला लागली तरी खांदे पुढं येतात आणि डंबेल लांब जातं. उन्हाळ्यात घामानं हे फार होतं. टॉवेल जवळ ठेवा, गरज पडली तर मनगटाला बांधायचा स्ट्रॅप वापरा.

वजनाचं म्हणाल तर पुरुषांनी प्रत्येक हातात ५ ते ७.५ किलो, बायकांनी २.५ ते ५ किलोपासून सुरू करावं. ८ ते १० रेपचे ३ सेट, दोन सेटमध्ये २ मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. तिन्ही सेटमध्ये १० रेप त्याच टेकूवर, त्याच वेगानं झाले की पुढची जड जोडी घ्या.

जेवण कमी केल्यावर काय बदलतं

या व्यायामात हॅमस्ट्रिंग ताणला जातो, आवळला जातो, वर उभं राहिल्यावर क्षणभर सुटतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंचं तसं नाही. त्यांना वाकलेल्या अवस्थेत कणा जागच्या जागी धरून ठेवायचा असतो, रेपामागून रेप. म्हणून ते अनेकदा हॅमस्ट्रिंगच्या आधी दमतात. भरपेट खाणाऱ्याचं हे दमणं दहाव्या-बाराव्या रेपला दिसत असेल, तर कमी खाणाऱ्याचं सातव्या-आठव्या रेपलाच दिसू शकतं. कार्बोहायड्रेट कमी झाल्यानं स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कमी असतो, झोप थोडी बिघडलेली असते, आणि दोन दिवसांत भरून निघणारा थकवा आता तीन-चार दिवस घेतो. कमी खाण्यानं कंबर थेट दुखत नाही. कमी खाण्यानं पाठ लवकर दमते, दमलेली पाठ बाक घेते, आणि तो बाक भाराखाली पुन्हा पुन्हा आला की कंबर धरते.

त्यावर बहुतेक जण नेमका उलटा उपाय करतात. ‘आता चरबी उतरवायची आहे’ म्हणून डंबेलचं वजन निम्मं करायचं आणि २० ते २५ रेप मारायचे. चरबी उतरते ती खाण्यातल्या तुटीनं. या २५ रेपांत जळणाऱ्या कॅलरी चहातल्या साखरेएवढ्याही भरत नाहीत. पाठ मात्र दुप्पट वेळ वाकलेली राहते. योग्य मार्ग असा, की वजन शक्यतो तेच ठेवायचं आणि सेट कमी करायचे. तीनाचे दोन करा, प्रत्येक सेटमध्ये अजून २ ते ३ रेप निघाले असते अशा टप्प्यावर थांबा. स्नायूला टिकून राहायचा निरोप वजनातून मिळतो, आणि तो टिकवायला लागणारे सेट वाढवायला लागणाऱ्या सेटपेक्षा बरेच कमी असतात.

व्यायामाचा क्रमही बदला. बार्बेल रो, म्हणजे वाकून बार पोटाकडं ओढणं, मग स्क्वॅट आणि शेवटी हा व्यायाम, असं करत असाल तर पाठ आधीच संपलेली असते. वॉर्मअपनंतर पहिला किंवा दुसरा हाच ठेवा. रो करायचाच तर छातीला बेंचचा आधार देऊन करा. ऊसतोड, सोयाबीनची काढणी, मोंढ्यात पोती उचलणं असं काम असलेल्यानं त्या हंगामात आठवड्यातून एकदाच हा व्यायाम करावा. त्याच्या पाठीनं शेतात आधीच पुष्कळ सेट मारलेले असतात.

वेळेचीही एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात परभणी, नांदेडकडं पारा ४२ च्या वर जातो, म्हणून पोरं पहाटे पाचला जिम गाठतात, तीही अनाशेपोटी. रात्रभर आडवं पडल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतर पहिला तासभर वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. पहाटेच जायचं असेल तर उठून तासभर जाऊ द्या; निदान आधी १० मिनिटं चाला, छाती-खांद्याचे व्यायाम करून घ्या आणि मग याच्याकडं या. एक केळं किंवा अर्धी भाकरी आणि चिमूटभर मीठ घातलेलं दोन ग्लास पाणी पोटात असलं, तर शेवटचे रेपही पहिल्यासारखे निघतात.

उपवासाच्या दिवशी हा व्यायाम ठेवू नका. साबुदाण्यात स्टार्च भरपूर, प्रथिनं नावाला. नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्यांनी त्या आठवड्यात वजन एक जोडी खाली आणावं, दोन सेट करावेत आणि नंतर परत जागेवर यावं. तुळजापूरला पायी जाणार असाल तर तो आठवडा सरळ सोडून द्या.

एक उदाहरण, आकड्यांसकट

लातूरच्या एका आडत दुकानात दिवसभर हिशेबाला बसणारा तिशीतला माणूस घेऊ. वजन ८२ किलो. काठीच्या तपासणीत त्याची मर्यादा गुडघ्याच्या चार बोटं खाली आली, तिथं विटांचा टेकू केला. ७.५ किलोच्या जोडीनं सुरुवात करून दोन महिन्यांत तो १२.५ किलोच्या जोडीनं ३ सेट, १० रेप करू लागला.

मग त्यानं वजन उतरवायला घेतलं आणि पहिल्याच फटक्यात चार भाकरींच्या दोन केल्या. दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या सेटच्या सहाव्या रेपपासून इलॅस्टिकची रेघ थांबलेली आणि पाठ गोल. टेकू ‘आता गरज नाही’ म्हणून त्यानं काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चपलेचा पट्टा लावायला वाकताना कंबर ताठ.

दुरुस्ती दोन्हीकडून करायची. ताटात आधी भाकरी परत ठेवायची, कारण व्यायामाचं इंधन तीच आहे. दिवसाच्या पाच चहांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे ४० ते ५० ग्रॅम, जवळपास १६० ते २०० कॅलरी. दुकानात येता-जाता खाल्लेले मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे आणखी २८० च्या आसपास. हे दोन काढले की ४४० ते ४८० कॅलरींची तूट भाकरीला हात न लावता निघते, आणि त्याच्या वजनाला तेवढी पुरे. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरत असेल तर ठीक. सातत्यानं किलोच्या वर उतरत असेल तर तूट जास्त आहे.

प्रथिनं किलोमागं १.६ ग्रॅम धरली तर त्याला १३० ग्रॅम लागतात. ५० ग्रॅम सोयाबीन वडीतून २६, चार अंड्यांतून २४, अर्धा लिटर दूध-दह्यातून १६, चार भाकरींतून २०, दोन वाट्या वरणातून १४ आणि ५० ग्रॅम फुटाण्यांतून १० मिळाली, की ११० झाली. उरलेल्या २० साठी १०० ग्रॅम पनीर किंवा त्याहून कमी चिकन. पनीर, फुटाणे नव्यानं ताटात येत असतील तर त्यांच्या कॅलरी मोजून तेवढं तेल कमी करावं लागेल.

जिममध्ये टेकू परत आणायचा. जोडी १२.५ चीच, पण २ सेट, ८ रेप, खाली ३ सेकंद. शेवटच्या सेटचा व्हिडिओ दर आठवड्याला. दोन आठवडे शेवटचा रेप पहिल्यासारखा दिसला तर १० रेपपर्यंत जायचं; १५ किलोची घाई तूट संपेपर्यंत नको.

कंबर धरली तर

कमरेच्या दोन्ही बाजूंना सारखं, बोथट दुखणं, जे चालल्यावर कमी होतं आणि दोन दिवसांत जातं, ते दमलेल्या स्नायूंचं असतं. पुढच्या वेळी एक सेट कमी करा, व्हिडिओ बघा.

एकाच बाजूला सुईसारखी कळ, खोकताना-शिंकताना वाढणारं दुखणं, कुल्ल्यातून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या असतील तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. उसण काढायला पाठीवर पाय देऊन घेणं, झटका देऊन कंबर मोडून घेणं हे अशा वेळी अजिबात करू नका. पायातली ताकद कमी वाटत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर तो त्याच दिवशी दवाखान्यात जायचा विषय आहे.

साधी लचक असेल तर झोपून राहू नका, रोज थोडं चालत राहा. वाकताना दुखणं थांबल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त काठी पाठीवर धरून १० रेपचे दोन सेट करा. दुसऱ्या आठवड्यात आधीच्या निम्म्या वजनाची जोडी, टेकू आधीपेक्षा एक वीट उंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर ताठ नसेल तरच ती वीट काढा, आणि वजन त्यानंतरच्या आठवड्यात वाढवा. दोन्ही एकाच दिवशी बदललं आणि परत दुखलं, तर कशामुळं दुखलं ते कळत नाही.